पाचवीचा एक पाठ आणि आम्ही पाच जण

दिवाळीच्या सुट्टीनंतरची पहिली शिक्षण परिषद आमच्याच शाळेत होती. नेवासा तालुक्यातल्या आमच्या भागातले जिल्हा परिषदेचे सगळे शिक्षक महिन्यातून एकदा असे जमतात. कुठल्या तरी शाळेतल्या मोठ्या वर्गात सतरंज्या टाकायच्या, केंद्रप्रमुख बोलणार, आम्ही ऐकणार, मग डबे उघडायचे. त्या वर्षी केंद्रप्रमुख नवे आले होते. शांत बोलायचे, आवाज चढवायचे नाहीत. आम्हाला आवाज चढवणाऱ्या साहेबांची सवय होती. हे साहेब शांत बोलायचे म्हणून त्यांची जास्त भीती वाटायची.

त्या दिवशी ते म्हणाले, "या सत्रात आपण पाठ अभ्यास करून बघू. चार-पाच शिक्षकांनी मिळून एकच पाठ लिहायचा. एकानं तो वर्गात घ्यायचा, बाकीच्यांनी बसून बघायचं. मग एकत्र बसून त्यात दुरुस्ती करायची आणि दुसऱ्यानं दुसऱ्या वर्गात तो पुन्हा घ्यायचा."

माझ्या शेजारी माझ्याच शाळेतले सहकारी बसले होते. सहावी-सातवीला शिकवतात, तालुक्यातली बातमी आधी त्यांच्याकडे येते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तपासणीला नवं नाव दिलंय, मॅडम."

साहेबांनी पहिल्या फेरीसाठी दोन शाळा निवडल्या. एक आमची आणि दुसरी ओढ्यापलीकडच्या गावातली. त्या दोन शाळांची नावं घेतली तेव्हा सगळ्यांनी एकदा आमच्याकडे बघून घेतलं. कारण त्या दिवसांत एकच चर्चा होती. पट, म्हणजे मुलांची संख्या, कमी झालेल्या शाळा दुसऱ्या शाळेला जोडणार, शिक्षकाचं एखादं पद अतिरिक्त ठरणार. आमचा पाचवीचा वर्ग लहान होता आणि पलीकडच्या गावातला त्याहून लहान. इतक्या शाळांमधून नेमक्या याच दोन का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. घरी जाताना स्कूटीवर मी मनात तेच घोळवत होते. मी पाचवीला शिकवते. पलीकडच्या गावातल्या बाई पाचवीलाच शिकवतात. दोघींचा एकच पाठ. दोघींना बघायला तेच साहेब. परीक्षा घ्यायची तर याहून सोपी पद्धत कुठली?

पहिल्या बैठकीला आम्ही पाच जण होतो. मी, माझे सहकारी, पलीकडच्या शाळेतल्या बाई, त्यांचे मुख्याध्यापक आणि साहेब. बाई वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, लातूरकडच्या, नोकरीला लागून फार वर्षं झाली नव्हती. मुख्याध्यापक निवृत्तीला आलेले. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, त्यामुळे आम्हीही गुरुजीच म्हणत होतो. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांची मुलं आता त्यांच्या शाळेत होती.

साहेबांनी विचारलं, "मुलं कुठं अडतात? तिथनं सुरुवात करू."

कुणीच बोलेना. बोलायचं तरी कसं? माझ्या वर्गातली मुलं अमुक ठिकाणी अडतात असं साहेबांसमोर कबूल करायचं, ते लिहून घेणार, आणि उद्या ते कुठं वाचलं जाईल काय सांगावं. माझे सहकारी खिडकीबाहेर बघत होते. गुरुजी म्हणाले, "तसं फार काही अडत न्हाई. पोरं बरी हायेत आमची."

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "माझ्याकडे अपूर्णांक अडतो. एक छेद तीन मोठा का एक छेद चार, हे मागच्या वर्षी मला नीट शिकवता आलं नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. एकतर ही मुलगी फारच भोळी आहे, नाहीतर फारच हुशार. आधी आपणच उणीव सांगायची, मग साहेबांच्या डोळ्यांदेखत ती भरून दाखवायची, आणि शाबासकी घेऊन जायची. मला दुसरं जास्त खरं वाटलं.

विषय तोच ठरला. मग पुढच्या बैठकीआधी दोन्ही वर्गांत एकच प्रश्न तोंडी विचारून बघायचं ठरलं: एका भाकरीचे तीन सारखे वाटे केले आणि तेवढ्याच दुसऱ्या भाकरीचे चार, तर एक वाटा कशातला मोठा? माझ्या वर्गात बहुतेकांनी चारवाला सांगितला. का, तर चार मोठे. बाईंच्या वर्गातही तसंच झालं म्हणाल्या. त्यांनी हे सांगताना मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांनी काहीच लपवल्यासारखं वाटलं नाही, आणि त्याचाही मला संशय आला.

दुसऱ्या बैठकीत पाठ लिहायला घेतला. आधी तिसरी, चौथी आणि पाचवीची पुस्तकं पुढ्यात घेऊन मुलांना आत्तापर्यंत काय काय माहीत आहे ते बघितलं. अर्धा, पाव, पाऊण येतं. छेद आणि अंश हे शब्द येतात. पण छेद वाढला की तुकडा लहान होतो, ही गोष्ट स्वतःच्या हातानं कुणी करून बघितलेली नाही. मग गुरुजी म्हणाले, "भाकरीच घ्या. पोरांना भाकरी समजती."

"गुरुजी, गोल भाकरीचे तीन सारखे तुकडे मला करता येत नाहीत," बाई म्हणाल्या. "मुलांना कसे येतील? कागदाची पट्टी घेऊ. पट्टीची घडी घालता येते."

गुरुजींनी एक कागद घेऊन घडी घालून बघितली. चारची झटक्यात झाली. तीनची तीनदा घातली, तीनदाही वाकडी आली. मग त्यांनी मान हलवली. ठरलं असं की, प्रत्येक जोडीला सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या द्यायच्या. एकीवर तीनच्या घडीच्या जागी आधीच बारीक खुणा करून ठेवायच्या. मुलांनी घड्या घालायच्या, एकेक भाग रंगवायचा, शेजारी ठेवून बघायचं आणि काय दिसलं ते आपल्या शब्दांत सांगायचं. नियम शिक्षकानं सांगायचा नाही.

साहेबांनी फळ्यावर उभे रकाने आखले. शिक्षक काय विचारणार, त्यावर मुलं काय काय म्हणतील, ती तसं म्हणाली तर आपण काय करणार, आणि बघणाऱ्यांनी कशावर लक्ष ठेवायचं. दुसऱ्या रकान्यावर आमचा सगळा वेळ गेला. आम्ही अंदाज बांधत होतो. काही मुलं चारवाला म्हणतील. काही म्हणतील, दोन्ही सारखेच, दोन्हीकडं एकच तर भाग रंगवलाय. काहींची घडीच चुकेल. साहेबांनी गुरुजींना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, मुलं काय म्हणतील?"

गुरुजी म्हणाले, "आपण शिकवल्यावर बरोबरच म्हनतील की."

आम्ही हसलो. साहेबही हसले.

मग मुख्य प्रश्न आला. पहिला पाठ कोण घेणार? मी पट्ट्यांचे कागद नीट लावायला लागले. बाई म्हणाल्या, "मी घेते. माझ्या वर्गात घेऊ." साहेबांनी ते लगेच मान्य केलं. त्या दोघांचं आधीच बोलणं झालं असावं असं मला वाटलं. जाताना सहकाऱ्यांना मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "मला तर पहिल्या दिवशीच वाटलं होतं."

बघण्याचे नियमही त्या दिवशी ठरले. प्रत्येकानं एका जोडीजवळ बसायचं. मुलांशी बोलायचं नाही, मदत करायची नाही. मुलं काय करतात, काय बोलतात तेवढंच टिपायचं. शिक्षकाबद्दल काही लिहायचं नाही, कारण पाठ सगळ्यांचा आहे. माझ्या सहकाऱ्यांनी विचारलं, "मग साहेब, तुम्ही कुणाकडं बघणार?"

"मीही एका जोडीकडं."

माझे सहकारी हो म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते पटलेलं दिसत नव्हतं.

पाठाच्या दिवशी आम्ही सकाळीच पलीकडच्या गावात पोचलो. कारखान्याचा हंगाम सुरू झालेला. शाळेच्या मागच्या रानात ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडल्या होत्या आणि रस्त्यानं ट्रॅक्टर चालले होते. त्याच सकाळी जामखेडकडून तोडीला आलेल्या एका कुटुंबानं आपली मुलगी शाळेत आणून सोडली होती. गावी पाचवीत होती, म्हणून बाईंनी तिला पाचवीत बसवलं. तिची जोडी वर्गातल्या एका चुणचुणीत मुलीशी लावली, आणि ती जोडी माझ्या वाट्याला आली.

पाठ सुरू झाला. बाईंनी आम्ही ठरवलेला प्रश्न ठरवलेल्या शब्दांत विचारला. पट्ट्या वाटून व्हायच्या आतच निम्म्या वर्गाचे हात वर. बाईंनी एकाला उठवलं. तो म्हणाला, "एक छेद तीन मोठा. छेद मोठा तर तुकडा लहान." दुसऱ्याला विचारलं. तेच शब्द, त्याच चालीवर. तिसऱ्या मुलीनंही अगदी तसंच म्हटलं.

मी पेन हातात धरून बसले होते. आठवड्यापूर्वी हाच वर्ग चारवाला मोठा म्हणत होता. आज एकही मूल चुकत नव्हतं. जो नियम सांगायचा नाही असं आम्ही पाच जणांनी ठरवलं होतं, तो नियम पट्टी हातात यायच्या आत मुलांच्या तोंडी होता. बाईंनी वर्ग तयार करून ठेवला, असंच मला वाटलं. उद्या माझी मुलं चुकतील आणि ह्यांची चुकली नव्हती, एवढंच साहेबांना दिसेल.

माझ्या समोरच्या जोडीत मात्र वेगळंच चाललं होतं. जामखेडची मुलगी एकटीच घडी घालत होती. खुणा होत्या तरी तिच्याकडून तीनची पट्टी फाटली. ती गोंधळली, माझ्याकडे बघितलं. मला बोलायचं नव्हतं, मी नजर खाली केली. मग तिनं आपल्या वहीचं पान फाडून स्वतःच एक पट्टी केली. ती पट्टी बरीच आखूड झाली. तिनं तिचे तीन भाग केले, एक रंगवला, लांब पट्टीच्या पाव भागाशेजारी ठेवला आणि कितीतरी वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हे तर चारचंच मोठं हाय."

शेजारची मुलगी कुजबुजली, "आसं न्हाई म्हनायचं. काल सांगितलंय आमाला. तीनवालाच मोठा."

"पर दिसतंय की."

"दिसू दे. तीनवालाच म्हन."

जामखेडच्या मुलीनं आपल्या दोन्ही पट्ट्या बाकाखाली सरकवल्या. बाईंनी जवळ येऊन विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तीनवाला." बाई पुढं गेल्या.

मी ते सगळं शब्दन् शब्द लिहून घेतलं. 'काल सांगितलंय' याच्याखाली रेघ ओढली. खरं सांगायचं तर तेव्हा मला बरं वाटलं, कारण आता माझा संशय नुसता संशय राहिला नव्हता.

मुलं सुटल्यावर आम्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत बसलो. चहा आला. ठरल्याप्रमाणे जिनं पाठ घेतला तिनं आधी बोलायचं होतं. बाईंचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं होतं त्या खुशीत असतील.

"मला पाठ चांगला झाला असं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "आपण जे जे चुकेल म्हणून धरलं होतं, त्यातलं काहीच आलं नाही. मी पुढं काय विचारू तेच कळेना. मुलांनी पट्ट्यांकडं बघितलंसुद्धा नाही. माझं मलाच खोटं वाटायला लागलं."

मग एकेकानं आपापल्या जोडीचं सांगितलं. सहकारी म्हणाले, "माझ्या जोडीनं घडी घातलीच नाही. उत्तर आधी, घडी नंतर. तीही मी बघतोय म्हणून." साहेबांच्या जोडीनं चारची पट्टी रंगवली होती आणि तीनची तशीच ठेवली होती. गुरुजी म्हणाले, "माझी जोडी बरोबर हुती." एवढंच.

माझी पाळी आली. बाईंनी वर्ग तयार केला होता असं मी म्हणू शकत होते. जिभेवर होतं. पण नियम होता, शिक्षकाबद्दल बोलायचं नाही, मूल काय म्हणालं तेवढंच सांगायचं. म्हणून मी फक्त वाचून दाखवलं. फाटलेली पट्टी, आखूड पट्टी, 'हे तर चारचंच मोठं हाय', आणि मग 'काल सांगितलंय आमाला'.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "काल?" त्या म्हणाल्या. "काल मी शाळेत नव्हते. माझ्या मुलीला घेऊन दवाखान्यात गेले होते, रजा टाकली होती. माझा वर्ग काल…" त्या थांबल्या आणि गुरुजींकडे वळल्या.

गुरुजींनी चहाचा कप बशीत ठेवला.

"मी सांगितलं," ते म्हणाले. "दोन तास घेतले. पाठ करून घेतलं."

"का, गुरुजी?"

"का म्हंजे? तुमी एवढी मानसं येनार. साहेब येनार. पोरं चुकली असती तर कुनाच्या नावावर गेलं असतं? तुमच्या. नव्या हाय तुमी. आन शाळेच्या नावावर. आधीच लोक म्हनत्यात, ही शाळा जोडनार, ती शाळा जोडनार. मी इथनं जायच्या आत माझ्या शाळेला कुलूप लागलेलं मला बघायचं न्हाई."

बाई म्हणाल्या, "गुरुजी, ती चुकायलाच पाहिजे होती. ती चुकणार म्हणून तर आपण एवढं लिहिलं."

गुरुजी म्हणाले, "ते आता कळलं. चाळीस वर्सं साहेब आल्यावर पोरं चुकू द्यायची न्हाईत, एवढंच शिकलो मी."

मी साहेबांच्या हाताकडे बघत होते. पेन त्यांच्या बोटात होतं. ते लिहितील असं मला वाटलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि खिशात ठेवलं. मला ते नाटक वाटलं. नंतर लिहिणारच आहेत, असं वाटलं.

साहेब म्हणाले, "तुमच्या मनात काय आहे ते मला माहीत होतं. पद कमी व्हायचं असलं तर ते पटावर होतं आणि कोण जाणार ते ज्येष्ठतेच्या यादीवरून ठरतं. कुणी पाठ कसा घेतला यावरून नाही."

माझे सहकारी लगेच म्हणाले, "मग हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं, साहेब."

"सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असता?"

माझा तर विश्वास आत्ताही पुरता बसला नव्हता. या दोन शाळाच का निवडल्या, हे मी त्या दिवशी विचारलं. साहेब म्हणाले, "दोन्हीकडं पाचवीला एकेकच शिक्षक आहे. बाजूच्या वर्गात जाऊन कुणाला विचारायची सोय नाही. म्हणून." उत्तर बरोबर वाटलं. फार बरोबर वाटलं, म्हणून मी ते तसंच डोक्यात ठेवून दिलं.

तो दिवस तिथंच संपला असता, पण बाईंनी विषय सोडला नाही. त्या म्हणाल्या, "त्या नव्या मुलीनं जे बघितलं ते बरोबरच होतं ना? तिची पट्टी आखूड होती. आखूड पट्टीचा तिसरा हिस्सा लांब पट्टीच्या पावापेक्षा लहान येऊच शकतो."

"म्हणजे आपण सारख्या लांबीच्या पट्ट्या दिल्या, पण का सारख्या दिल्या ते मुलांना विचारलंच नाही," मी म्हणाले. ते माझ्या तोंडून आपोआप गेलं. तोवर मी गप्प राहून बाकीच्यांना जोखत बसले होते.

मग बराच वेळ बसलो. दुरुस्ती अशी ठरली की, सुरुवातीला काही जोड्यांना मुद्दाम लांबी वेगवेगळी असलेल्या पट्ट्या द्यायच्या. उत्तरं वेगळी येतील, मुलं भांडतील. भांडू द्यायची. मग विचारायचं, दोघंही खरं सांगताय तर उत्तर वेगळं का? त्यातून 'पट्टी सारखी पाहिजे' हे मुलांच्या तोंडून यायला हवं. त्यानंतर सारख्या पट्ट्या द्यायच्या आणि तिसरा हिस्सा आणि पाव बघायचे. गुरुजी शेवटी म्हणाले, "दुसरा पाठ व्हईस्तवर मॅडमच्या वर्गात दुसऱ्या कुनी पाय ठेवायचा न्हाई. मी बी न्हाई."

दुसरा पाठ माझ्या वर्गात होता. आदल्या दिवशी शाळा सुटताना मी मुलांना विचारलं, "तुम्हाला कुणी अपूर्णांकाबद्दल काही सांगितलं का? माझ्याशिवाय?" मुलं एकमेकांकडं बघायला लागली. एक म्हणाला, "न्हाई बाई. का? सांगायचं हुतं का?" दुसरी म्हणाली, "सातवीच्या सरांनी काल मधल्या सुट्टीत वर्गात डोकावलं हुतं." मी माझ्या सहकाऱ्यांना गाठलं. ते डस्टर शोधायला आले होते म्हणाले. डस्टर खरंच माझ्या वर्गात होता. तरी मी घरी जाईपर्यंत विचार करत होते.

पाठ मी घेतला. मागं आणि बाजूला ते चौघं बसले होते. कितीही सांगितलं की तुमच्याकडं बघत नाही, तरी पाठीवर नजर जाणवतेच. पट्ट्या वाटल्या. थोड्या वेळानं एका बाकावरून आवाज वाढला. "तुझी लबाडीची पट्टी हाय." "माझी न्हाई, तुझीच." मला ते थांबवायचा मोह झाला. साहेब बसलेत आणि माझ्या वर्गात भांडण. मी थांबवलं नाही. दोघांना पट्ट्या घेऊन पुढं बोलावलं आणि सगळ्यांना दाखवायला सांगितलं. दोघांनी वर धरल्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी कधी बोलत नाही, उठून म्हणाला, "बाई, ह्याची भाकरीच बारकी हाय. बारक्या भाकरीचा वाटा बारकाच निघनार."

सगळे एकदम बोलायला लागले. सारखी पट्टी पाहिजे, हे मग मला सांगावं लागलं नाही. पण भांडणात वेळ एवढा गेला की शेवटचा भाग, सारख्या पट्ट्यांवर तिसरा हिस्सा आणि पाव यांची तुलना, घाईत उरकावी लागली. काही मुलांची घडी त्या घाईत चुकली. दोन जोड्या शेवटपर्यंत चारवालाच मोठा म्हणत राहिल्या. पाठ संपला तेव्हा मला तेवढंच दिसत होतं.

त्यानंतरच्या बैठकीत मीच आधी बोलले आणि त्या दोन जोड्यांचंच सांगितलं. गुरुजी त्यातल्याच एका जोडीजवळ बसले होते. त्यांनी आपला कागद काढला. त्यावर ओळी वाकड्या होत्या, पण भरपूर होत्या. त्यांनी वाचलं: मुलीनं आधी तीनची घडी दोनदा घातली, जमली नाही. मग खुणा सोडून अंदाजानं घातली. तीन भाग सारखे नव्हते, तिनं सगळ्यात लहान भाग रंगवला. म्हणून तिला चारचा मोठा दिसला.

"चुकीचं उत्तर हुतं," गुरुजी म्हणाले, "पर ती बरोबर बघत हुती. घडीच वाकडी हुती." मग कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "असं बसून बघायचं मला पयल्यांदाच कळलं."

बाईंनी सुचवलं की पुढच्या वेळी तीनची घडी आधी सगळ्या वर्गानं एकत्र घालून, भाग सारखे झाले का ते तपासून मगच रंगवायला सांगू. तेही पाठात लिहिलं. मग साहेब म्हणाले, "आता या सगळ्याचा अहवाल वर पाठवायचा आहे." मी आणि सहकाऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. आम्ही ज्याची वाट बघत होतो ते आता येणार होतं.

साहेबांनी सावकाश विचारलं, "पहिल्या पाठाला मुलांना आधी शिकवलं गेलं होतं, ते लिहायचं का? न लिहिलं तर पाठ का बदलला ते कळणार नाही. लिहिलं तर…" त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही.

माझे सहकारी म्हणाले, "नको. वर गेलं की त्याचं काय होईल कुणी सांगावं?"

गुरुजी म्हणाले, "लिहा. माझं नाव नका घालू, पर झालं ते लिहा. न्हाईतर दुसऱ्या शाळेत दुसरा कोनीतरी हेच करंल."

साहेबांनी लिहिलं. आमच्या समोर लिहिलं आणि वाचून दाखवलं. तेच वर गेलं का, हे मला कळायला काही मार्ग नव्हता. पाठाचे फोटो मात्र त्याच संध्याकाळी केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर आले. खाली लिहिलं होतं, केंद्रातील यशस्वी उपक्रम. माझ्या वर्गात पट्ट्यांवरून भांडणारे ते दोघं त्यात एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभे होते. सहकाऱ्यांनी मला तो फोटो पाठवला आणि खाली एकच शब्द लिहिला, बघा.

पुढच्या शिक्षण परिषदेत साहेबांनी आम्हा चौघांना पुढं बसवलं आणि पाठाचं सगळं सांगायला लावलं. त्यांनी अहवाल काढून वाचला. आधी शिकवल्याची ओळ त्यात होती. शाळेचं नाव नव्हतं. बाईंनी पट्ट्या दाखवल्या. गुरुजींनी आपण बघितलेल्या त्या मुलीच्या वाकड्या घडीचं सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज मोठा झाला.

मग मागच्या सतरंजीवरून एक शिक्षक उठले. आमच्या केंद्रातल्या अगदी टोकाच्या वस्तीशाळेचे, एकशिक्षकी शाळा चालवणारे. ते म्हणाले, "साहेब, म्हणजे आता आमच्या वर्गात येऊन बघणार का, आम्ही आधी शिकवलंय का ते? हे नक्की कशासाठी चाललंय?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. ते माझ्याकडूनच उत्तर काढून घेतायत, असं मला वाटलं, आणि ते खरंही असेल. तरी मी उठले. म्हणाले, "सर, पुढचा पाठ तुमच्या वर्गात नको. आमच्या वर्गात या. एका मुलीजवळ बसा आणि तास संपेपर्यंत तिच्याशी बोलू नका. मग सांगा कशासाठी ते."

"आणि साहेब कुठं बसणार?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्ही ठरवा," मी म्हणाले.

त्यांनी साहेबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बघू," म्हणाले आणि खाली बसले. बाहेर कुणीतरी डबे आणायला सुरुवात केली होती.